घडी न पडलेल्या पावत्या

नोव्हेंबर 2023चा शेवटचा आठवडा आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. दुसरी वेचणी चालू होती, निम्मं वावर पांढरं झालं होतं आणि अवकाळी आला. बाबा दोन दिवस ओट्यावर नुसते बसून होते. नंतर जो कापूस घरात आला तो आम्ही बैठकीत, माजघरात, जिथे जागा मिळेल तिथे पसरून वाळवला. तरी व्यापाऱ्याने हात घालून पाहिला आणि भाव पाडूनच घेतला.

हे आधी सांगते आहे, कारण पुढच्या जुलैत माझी जी चूक झाली तिचं मूळ या आठवड्यात आहे.

मी यवतमाळला एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करत होते. दुसरं वर्ष होतं. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावातली जिनिंग-प्रेसिंग कंपनी आमची क्लायंट, आणि तिच्या 2023-24च्या ऑडिटमध्ये कापूस खरेदी आणि उत्पादन हा भाग माझ्याकडे दिला होता. (कंपनी ओळखू येऊ नये म्हणून इथले आकडे मी बदलले आहेत. त्यांचं आपसातलं प्रमाण मात्र जसं होतं तसंच ठेवलं आहे.)

जिनचा हिशेब आमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. एक क्विंटल कापूस पिंजला की साधारण चौतीस किलो रुई निघते, चौसष्ट किलो सरकी, आणि दोनेक किलो उडून जाते. पाणी वाळतं, धूळ झडते, पालापाचोळा निघतो. या शेवटच्या दोन किलोला घट म्हणतात. रुईच्या 170 किलोच्या गठाणी बांधतात. या कंपनीची घट आधीची तीन वर्षं दोन टक्क्यांच्या आसपास होती. त्या वर्षी पुस्तकात 60,000 क्विंटल कापूस खरेदी होता, त्यातून 11,760 गठाणी आणि 37,632 क्विंटल सरकी निघाली होती. बेरीज केली तर घट 2,376 क्विंटल येते, म्हणजे चार टक्के. दुप्पट.

फायनान्स मॅनेजर अकरा वर्षांपासून तिथे होते. मालक नागपूरला राहायचे, आठवड्यातून एखादी फेरी मारायचे. बाकी सगळा कारभार मॅनेजरसाहेबांच्या खांद्यावर. माणूस इतका हसतमुख की त्यांच्या केबिनमध्ये शिरताना आपणही हसतच शिरतो. पहिल्या दिवशी तर्री-पोहे मागवले, माझं गाव विचारलं, वडिलांची शेती किती, यंदा किती पिकलं, सगळं विचारलं. ते नाटक होतं असं मला आजही वाटत नाही. ते हमालांशीही तसेच बोलायचे.

मी वही उघडली, तेवढ्यात तेच म्हणाले, "घटीचंच विचारणार ना मॅडम?"

आणि ड्रॉवरमधून फाइल काढली. तिच्यात अवकाळीच्या बातम्यांची कात्रणं होती, आवारातल्या भिजलेल्या गंजीचे फोटो होते, डिसेंबरच्या ओलावा रजिस्टरच्या दोन पानांची झेरॉक्स होती. एकेक कागद माझ्यासमोर ठेवत ते समजावून सांगू लागले. "सव्वीस नोव्हेंबरपासून पाहा तुम्ही. ओला माल नाही घेतला तर शेतकरी पुढच्या जिनवर जाते, परत येतच नाही. अन् घेतला तर आपलं वजन उन्हात उडून जाते. त्यात बोंडअळी. तुमच्याच घरी पाहिलं असंल ना तुम्ही."

पाहिलं होतं. बैठकीत पसरलेला कापूस माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याचा तो कुबट वास आला. मी प्रश्न विचारायचंच थांबले. वर्किंग पेपरमध्ये लिहिलं: "अवकाळी पाऊस व बोंडअळीमुळे घट वाढली. व्यवस्थापनाचे स्पष्टीकरण वाजवी वाटते." खाली सही केली, तारीख टाकली.

आठवड्याने फाइल आमच्या फर्मच्या सरांकडून परत आली. त्या ओळीशेजारी पेन्सिलने लिहिलेलं होतं: "कोणी सांगितलं ते कळलं. कशावरून ते लिहा."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी सरांच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "सर, पाऊस खरंच झाला होता. आमचाच कापूस भिजला." सर म्हणाले, "पाऊस झाला याबद्दल वाद नाही. पावसाने यांची घट दोन टक्के वाढली का, एवढाच प्रश्न आहे. तुझ्याजवळ पहिल्याचा पुरावा आहे. दुसऱ्याचा कुठे आहे?" मग त्यांनी एसए 520 हे ऑडिटचं मानक काढून दाखवलं. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर व्यवस्थापनाला विचारायचं, हे त्यात आहेच. पण त्याच वाक्यात पुढे आहे की त्यांच्या उत्तराला योग्य पुरावाही मिळवायचा. मी अर्ध्यावर थांबले होते. आणि त्या फाइलमधला एकूण एक कागद मॅनेजरसाहेबांनी निवडून माझ्या हातात ठेवलेला होता. मी स्वतः मागितलेला असा एकही नव्हता.

सरांनी मला एकच काम दिलं. हे स्पष्टीकरण खरं असेल तर आणखी काय काय दिसायला हवं ते लिहून काढ, आणि जाऊन बघ.

मी रात्री खोलीवर बसून विचार केला. पावसाने वजन गेलं असेल तर ते पावसानंतर आलेल्या मालात जायला हवं, म्हणजे डिसेंबरमध्ये, फार तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. उत्पादन रजिस्टर रोजचं असतं. किती कापूस मशीनवर चढला, किती गठाणी बांधल्या, सरकी किती भरली. मी वर्षाची एकच बेरीज पाहिली होती. आता महिन्यांप्रमाणे मांडली.

नोव्हेंबर ते जानेवारी मिळून 40,000 क्विंटलवर घट 2.1 टक्के. त्यातल्या एकट्या डिसेंबरची 2.6. म्हणजे पावसाचा परिणाम खराच होता, आकड्यात दिसत होता, आणि तो एवढाच होता. उरलेल्या 20,000 क्विंटलवर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, घट 1,536 क्विंटल. साडेसात टक्क्यांच्याही वर. कॅल्क्युलेटरवर तो आकडा मी तीनदा काढला.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. कंपनीचं काही बोलले नाही, नुसतं विचारलं, फेब्रुवारीतल्या कापसात पाणी राहते का?

"फेब्रुवारीत? अवं पोरी, तवा तं तो कडकडीत राह्यते. फरदड असन तं कचरा निघन, कवडी निघन. पाणी कुठचं?"

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी न काढता घेतलेला उशिराचा कापूस.

पुढच्या फेरीत मी महिन्यांचा तक्ता घेऊन मॅनेजरसाहेबांसमोर बसले. मनात होतं की ते गडबडतील. ते मुळीच गडबडले नाहीत. तक्ता पाहिला आणि आनंदाने मान डोलावली. "हो ना! फरदड. पाऊस झाल्यामुळे यंदा लोकांनी पऱ्हाटी काढलीच नाही, पाणी देऊन फरदड घेतली. बोंडअळीचा माल तो, अर्धा कचरा." हे उत्तरही सुंदर होतं. आमच्या गावातही चार जणांनी फरदड घेतली होती.

पण या वेळी मला एक गोष्ट जाणवली. पहिल्या दिवशी सगळी घट पावसावर होती आणि बोंडअळी शेवटी जोडलेली होती. आज पाऊस बाजूला झाला आणि तीच घट फरदडीवर आली. घटीचा आकडा जिथल्या तिथे होता, कारण फक्त त्याच्यामागे जागा बदलत होतं.

मग फरदडीलाही तोच प्रश्न लावला. बोंडअळी आतून सरकी पोखरते, सरकी हलकी पोकळ होते. तसं झालं असतं तर रुईच्या मानाने सरकी कमी भरली असती. आधीच्या महिन्यांत शंभर किलो रुईमागे 188 किलो सरकी निघत होती. फेब्रुवारी-मार्चमध्येही 188च निघाली. आणि कचरा जास्त असेल तर रुईतही थोडा उतरतोच, सूतगिरण्या त्यावर पैसे कापतात. गिरण्यांचे तपासणी अहवाल आणि त्यांच्याकडून आलेले हिशेब मी काढले. फेब्रुवारी-मार्चच्या गठाणींवर कपात जानेवारीइतकीच होती. वेस्टची विक्रीही वाढलेली नव्हती. हजार-बाराशे क्विंटल कचरा निघाला असता तर तो आवारात कुठेतरी दिसला असता, कोणीतरी ट्रॅक्टरने वाहून नेला असता, त्याचं भाडं कुठेतरी लागलं असतं.

यातला एकेक धागा सुटा घेतला तर कच्चा आहे, हे मला मान्य आहे. सरकीच्या प्रमाणावरून कोणाला चोर म्हणता येत नाही. पण सगळे धागे एकाच बाजूला ओढत होते. जिनमध्ये आलेला माल नेहमीसारखाच पिंजला गेला होता, नेहमीइतकाच उतारा देऊन गेला होता. मग कापूस जिनमध्ये हरवला नसेल तर तो जिनमध्ये आलाच नसेल. इतके दिवस मी घट तपासत होते. तपासायची होती खरेदी.

खरेदीचं व्हाउचिंग, म्हणजे नोंदी पावत्यांशी ताडून पाहण्याचं काम, मी आधीच केलं होतं, आणि ते स्वच्छ निघालं होतं. यावर थोडं थांबून सांगायला हवं. शेतकऱ्याला शेतमालाचे पैसे रोखीने देण्यावर आयकर कायद्यात सूट आहे. एरवी दहा हजारांवर रोख खर्च मान्य होत नाही, पण तेव्हाच्या नियम 6डीडीमध्ये हा अपवाद होता, आणि तो असायलाच हवा, नाहीतर शेतकऱ्याची अडचण झाली असती. त्यामुळे जिनच्या पुस्तकात रोखीच्या हजारो पावत्या असणं ही रोजची गोष्ट. वर्षाच्या पाचेक हजार पावत्यांतून मी पंचवीस निवडल्या होत्या. काटापावती, खरेदी पट्टी, रोखीचं व्हाउचर, त्यावर सही किंवा अंगठा, सगळं एकमेकांशी जुळत होतं. पण ते तिन्ही कागद एकाच खोलीत तयार होत होते. खोटा व्यवहार लिहिणारा माणूस तीनही कागद सारखेच लिहिणार. माझ्या पंचवीसमध्ये खोटी पावती आली असती तरी ती जुळलीच असती.

आणि ती आली होती. पंचवीसमधल्या दोन काटापावत्या हाताने लिहिलेल्या होत्या, बाकीच्या भुईकाट्याच्या कॉम्प्युटरवर छापलेल्या. मी तेव्हा विचारलंही होतं. "लाइट गेली की हातपावती फाडतो ना मॅडम, गावखेड्यात काय करणार," असं उत्तर मिळालं आणि मी टिक करून पुढे गेले होते.

या वेळी सर सोबत आले. त्यांनी काट्याचा डेटा मॅनेजरसाहेबांमार्फत मागितला नाही. मालकांना फोन करून परवानगी घेतली आणि आम्ही थेट काट्याच्या केबिनमध्ये जाऊन ऑपरेटरसमोर तो पेनड्राइव्हवर घेतला. प्रत्येक गाडीच्या दोन नोंदी, भरलेली आणि रिकामी, वेळेसकट. त्या खरेदी रजिस्टरशी लावल्या. छापील पावत्या सगळ्या सापडल्या. हातपावत्या 113 होत्या. मग जिनचं मशीन लॉगबुक काढलं, ज्यात फिटर मशीन कधी बंद पडलं आणि का पडलं ते लिहितो. 19 हातपावत्या अशा दिवशीच्या होत्या की लॉगबुकात खरोखर वीज गेल्याची नोंद होती. उरलेल्या 94च्या दिवशी मशीन अखंड चालू होतं. त्यातल्या सात पावत्या 25 मार्च 2024च्या होत्या. धुळवड. त्या दिवशी जिन बंद होता, मजूर आपापल्या गावी गेले होते, चौकीदाराच्या गेट रजिस्टरवर एकाही गाडीची नोंद नव्हती.

सर आकडे लावत होते तेव्हा मी त्या 94 पावत्या आणि त्या 19 पावत्या टेबलावर दोन गठ्ठ्यांत ठेवल्या. मला जे दिसलं ते कोणत्याही पुस्तकात नाही. काट्यावर पावती मिळाली की शेतकरी तिची चौघडी घडी करतो आणि बंडीच्या किंवा सदऱ्याच्या खिशात घालतो. मग गाडी खाली होईपर्यंत दोन-तीन तास बसतो. खिशात तंबाखूची पुडी असते, चुना असतो, घाम असतो. मग रांगेत उभं राहून तीच पावती कॅशच्या खिडकीत देतो. बाबांच्या खिशातून अशा पावत्या मी लहानपणापासून काढत आले आहे. 19 पावत्यांचा गठ्ठा फुगलेला होता. प्रत्येकीवर घड्यांची फुली, कडा मऊ, एकीवर कात-चुन्याचा डाग. 94 पावत्यांचा गठ्ठा नव्या वहीसारखा सपाट बसला होता. एकीलाही घडी नव्हती.

मी सरांना हाक मारली. त्यांनी दोन्ही गठ्ठे हातात घेऊन पाहिले, अंगठ्याने कडा फिरवल्या. मग म्हणाले, "हे लिही. पण पुरावा म्हणून लॉगबुक आणि काट्याचा डेटा लिही, हे त्याच्याखाली."

94 पावत्यांवरची नावं आसपासच्या गावांतल्या खऱ्या शेतकऱ्यांची होती. त्यांनी हंगामात आधी माल विकलेला होता. मालकांच्या संमतीने आम्ही चौघांना भेटलो. चौघांनीही सांगितलं की आमचा कापूस डिसेंबर-जानेवारीतच संपला. एका म्हाताऱ्या बाबांनी आतून सगळ्या पावत्या आणून दाखवल्या, दोऱ्यात ओवून ठेवलेल्या. त्यात मार्चची एकही नव्हती. हातपावतीचं पुस्तक काट्यावर राहायचं नाही, ते मॅनेजरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये असायचं, हे ऑपरेटरने सांगितलं. त्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं. मीही नव्हतं.

94 पावत्यांची बेरीज 1,131 क्विंटल, सात हजारांच्या सरासरी भावाने सुमारे 79 लाख रुपये. उताऱ्यावरून माझा अंदाज 1,200 क्विंटलचा होता. मधल्या साठ-सत्तर क्विंटलचं काय झालं ते आम्हाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, आणि फाइलमध्ये तसंच लिहिलं आहे. रक्कम एक कोटीच्या आत असल्याने कंपनी कायद्याच्या कलम 143(12)प्रमाणे केंद्र सरकारऐवजी संचालक मंडळाला कळवायचं होतं, कळल्यापासून दोन दिवसांत. सरांनी त्याच रात्री पत्र तयार केलं. पुढे मालकांनी काय केलं तो त्यांचा विषय आहे. मॅनेजरसाहेब महिन्याभरात तिथून गेले.

पत्र द्यायला आम्ही गेलो तेव्हा ते बाहेर व्हरांड्यात उभे होते. मला पाहून नेहमीसारखंच हसले. "मॅडम, बाबांचा कापूस पेरला का यंदा? पाऊस बरा आहे." मी हो म्हणाले. त्या माणसाला माझ्या वडिलांची खरोखर आठवण होती, यावर माझा आजही विश्वास आहे. अकरा वर्षं त्यांनी तिथे केलेलं बहुतेक काम चोख होतं, हेही फाइलमध्ये दिसत होतं. एसए 240मध्ये एक वाक्य आहे की व्यवस्थापनाच्या प्रामाणिकपणाचा मागचा अनुभव कितीही चांगला असो, तपासणाऱ्याने साशंकता सोडायची नाही. परीक्षेसाठी ते मी पाठ केलं होतं. तेव्हा मला वाटायचं की हे लबाड माणसांसमोर कसं वागायचं त्याबद्दल आहे.

माझा पहिला वर्किंग पेपर फाडून नवा लावावा असं मला फार वाटलं. सरांनी तो काढू दिला नाही. तो फाइलमध्ये तसाच आहे, माझ्या सहीसकट. त्याखाली नव्या तारखेने लिहिलेलं आहे: "वरील निष्कर्ष केवळ तोंडी स्पष्टीकरणावर आधारित होता. महिनावार घट, भुईकाटा नोंदी, मशीन लॉगबुक व शेतकऱ्यांची चौकशी यांवरून तो मागे घेतला. पाहा पान 14 ते 31." पान 31वर एका पारदर्शक पाकिटात दोन पावत्यांच्या प्रती लावल्या आहेत. झेरॉक्समध्येही एकीवरच्या घड्यांच्या काळ्या रेघा उठून दिसतात.